निकालाचा निरोप

परीक्षेचा निकाल नातेवाइकांपासून लपवता येत नाही. २०२५ साली बकरी ईद ७ जूनला होती आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल १४ जूनला लागला. ईदच्या दिवशी आम्ही सगळे इंदापूरला आमच्या अम्मींकडे जमलो होतो. आमच्या लेकीने ४ मेला पेपर दिला होता, त्यामुळे ‘पेपर कसा गेला?’ आणि ‘निकाल कधी?’ हे दोन प्रश्न तिला त्या दिवशी किती वेळा ऐकावे लागले, याची गणतीच नाही. एका आठवड्याने निकाल येणार, हे घरातल्या साठ-सत्तर माणसांना ठाऊक झाले होते. त्यामुळे सांगायचे की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे नव्हताच. प्रश्न एवढाच होता की ही बातमी आमच्या लेकीच्या शब्दांत जाईल की दुसऱ्या कुणाच्या.

आम्ही दोघे बारामतीत राहतो. लेकीची अकरावी-बारावी आणि नीटची तयारी इथेच झाली. क्लासच्या फीचा मोठा वाटा तिच्या इंदापूरच्या चाचांनी उचलला होता. तिला ७२० पैकी २६२ गुण मिळाले. रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “अब्बा, ग्रुपवर लोक विचारायला लागलेत. मी काय लिहू?” त्यानंतरच्या दोन दिवसांत तिने एक निरोप लिहिला. तो कसा तयार झाला, त्यात काय राहिले आणि काय गळले, हे इथे सांगत आहोत. दर जूनमध्ये अशी वेळ अनेक घरांवर येते.

पहिली गोष्ट म्हणजे नेमके काय झाले आहे, हे आधी घरच्यांनी समजून घ्यायचे. आमच्या लेकीच्या पहिल्या मसुद्यात ‘मी नापास झाले’ असे लिहिले होते. ते खरे नव्हते. नीटमध्ये दोन वेगवेगळ्या रेषा असतात. पहिली पात्रतेची. खुल्या प्रवर्गात ही रेषा ५० पर्सेंटाइलवर असते, म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण वरचा अर्धा भाग पात्र ठरतो. २०२५ मध्ये ती १४४ गुणांवर आली. त्या हिशेबाने आमची लेक पात्र होती. दुसरी रेषा जागेची. त्या वर्षी सुमारे २२ लाख मुले परीक्षेला बसली, त्यांतली १२ लाखांहून अधिक पात्र ठरली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांमागे जागा एक. आमच्या लेकीचे गुण या दुसऱ्या रेषेच्या बरेच खाली होते. तेव्हा ‘नापास’ हा शब्द चुकीचा होता, आणि तिची मैत्रीण सुचवत होती तो ‘थोडक्यात हुकले’ हाही चुकीचा होता. नापास म्हटले की लोकांना वाटते मुलीला काही येतच नाही. थोडक्यात हुकले म्हटले की लोक विचारतात, ‘किती मार्कांनी?’ आणि मग लपवलेली गोष्ट उघडी पडते. खरे वाक्य साधे होते: पात्र ठरले, पण एमबीबीएसच्या जागेसाठी गुण पुरेसे नाहीत.

यातूनच गुणांचा आकडा लिहायचा की नाही, हा प्रश्न आला. आम्ही तो तिच्यावर सोडला आणि तिने तो लिहिला नाही. त्याला लाजेपलीकडचे कारण होते. नीटचा आकडा एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाला लावता येत नाही. २०२४ मध्ये सुरुवातीच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. पात्रतेची रेषाही १६२ वरून १४४ वर उतरली. आमच्या नात्यातल्या एका मुलाने २०२४ ला परीक्षा दिली होती. ग्रुपवर आकडा पडला असता, तर पहिली तुलना त्याच्याशी झाली असती, आणि ती तुलनाच खोटी ठरली असती. निरोपात आकड्याऐवजी आकड्याचा अर्थ लिहिला, की सांगणाऱ्याने काही लपवले असे होत नाही आणि ऐकणाऱ्याला कळायचे ते कळते. ज्यांनी नंतर फोन करून आपुलकीने विचारले, त्यांना तिने आकडाही सांगितला.

पहिल्या मसुद्यात आणखी एक वाक्य होते. परीक्षेच्या गोंधळाबद्दल आणि पेपरफुटीबद्दल. ते कुठून आले, हे आम्हाला कळत होते. २०२४ चे प्रकरण मुलांच्या मनात ताजे होते. त्या वर्षी १,५६३ मुलांना दिलेले वाढीव गुण रद्द झाले आणि त्यांना २३ जूनला फेरपरीक्षेची संधी दिली गेली. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली होती, ती न्यायालयात एकच ठरली आणि ४ लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी ५ गुण कमी झाले. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. पाटणा आणि हजारीबाग इथे पेपर फुटल्याचे न्यायालयाने मान्य केले, पण सगळी परीक्षाच बिघडली होती असे दाखवणारा पुरावा नाही, असे म्हटले. त्या वर्षीच्या मुलांची तक्रार खरी होती आणि ती करायची जागा होती, म्हणून ती न्यायालयापर्यंत गेली. पण आमच्या लेकीचे गुण २०२५ चे होते. तिच्या केंद्रावर काही घडले नव्हते. मागच्या वर्षीचा राग यंदाच्या निरोपात घातला, तर वाचणाऱ्याला ती सबब वाटते. आणि तक्रार खरी असली तरी ती वेगळ्या कागदावर, पुराव्यासह द्यायची असते. निकालाच्या निरोपात घातली की चर्चा परीक्षेवर जाते आणि मुलगी बाजूला राहते. तिने ते वाक्य स्वतःच खोडले.

निरोप ग्रुपवर जाण्याआधी काही माणसांना तोंडी सांगणे भाग होते. दादी फोन वाचत नाहीत. ग्रुपवर आधी गेले असते, तर शेजारच्या घरातले कुणीतरी येऊन त्यांना सांगितले असते. रविवारी दुपारी आम्ही एसटीने इंदापूरला गेलो. बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत जाणारा हा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता. लेक दादीजवळ बसली आणि तिने स्वतः सांगितले. दादीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले, “मग आता पुढं काय, बेटा?” चाचांना तिने वेगळ्या खोलीत सांगितले, कारण त्यांनी पैसे घातले होते. ज्याने मदत केली त्याला निकाल सगळ्यांबरोबर ग्रुपवर वाचायला लागणे, हे त्याच्या मानाला धरून नाही. चाचांनी फीचा विषयही काढला नाही.

दादीने विचारले तेच पुढचे सगळे ठरवणारे ठरले. त्याच दिवशी दुपारी चहाच्या वेळी फुफूंनी हळूच एक रिश्ता सुचवला. मुलगा अकलूजचा, घर चांगले, मुलीने पुढे शिकायचे असेल तर तेही बघता येईल. फुफूंचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटले मुलगी आता रिकामी झाली. आमच्याकडे मुलीचा निकाल कमी आला की पुढची जागा रिकामी दिसते, आणि रिकामी जागा लोक आपल्याला सुचेल त्याने भरतात. मुलाच्या बाबतीत ती दुकानाने भरतात, मुलीच्या बाबतीत रिश्त्याने. त्या संध्याकाळी परत येताना लेक म्हणाली, “अम्मी, मी पुढचं लिहिलं नाही, तर दुसरं कुणीतरी ठरवेल.” तिच्या निरोपात पुढच्या पायरीचे वाक्य आले ते यामुळे.

पुढची पायरी लिहायची तर ती खरी असायला हवी. ‘पुढच्या वर्षी नक्की एमबीबीएस’ असे लिहिणे सोपे होते, पण ते तिच्या हातात नव्हते. तिच्या हातात काय होते, ते आम्ही तिघांनी बसून पाहिले. तिने जीवशास्त्र गट घेऊन राज्याची सीईटी दिली होती, आणि त्या गटावर बी.फार्मला प्रवेश मिळू शकतो. नीट पुन्हा देता येते. या परीक्षेला किती वेळा बसायचे यावर मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही आता नाही. म्हणजे ‘शेवटची संधी गेली’ हेही खरे नव्हते आणि लगेच ठरवायची घाईही नव्हती. पण एक वर्ष पुन्हा घालायचे तर भौतिकशास्त्रात गुण का गेले, हे आधी पाहायचे होते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलेल्याला १ जातो. तिने उत्तरसूची घेऊन हिशेब मांडला, तेव्हा दिसले की अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नांपेक्षा न सोडवलेल्या प्रश्नांनी तिचे अधिक नुकसान केले होते. तीन तासांत १८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि ती भौतिकशास्त्रात अडकून राहिली होती. हे एका रात्रीत ठरण्यासारखे नव्हते. म्हणून तिने निर्णय लिहिण्याऐवजी निर्णयाची तारीख लिहिली.

सोमवारी, १६ जूनला, असरनंतर तिने हा निरोप टाकला:

‘अस्सलामु अलैकुम. माझा नीटचा निकाल आला. मी पात्र ठरले आहे, पण एमबीबीएसच्या जागेसाठी गुण पुरेसे नाहीत, त्यामुळे यंदा मला एमबीबीएसला प्रवेश मिळणार नाही. दोन वर्षं मन लावून अभ्यास केला होता, म्हणून वाईट वाटलं. मी सीईटीही दिली आहे आणि त्यावर बी.फार्मसाठी अर्ज करणार आहे. नीट पुन्हा द्यायची का, हे ३१ जुलैपर्यंत ठरवीन आणि मीच इथे कळवीन. तोपर्यंत त्याबद्दल विचारू नये, ही विनंती. चाचांनी आणि दादीने दिलेली साथ मी विसरणार नाही. दुआ करा.’

हा निरोप मोठा नाही. त्यात बातमी पहिल्या दोन वाक्यांत आहे, कारण वाचणाऱ्याला ती शोधायला लागली की तो मधले काही वाचत नाही. दुःख एका वाक्यात आहे. ते नसते तर निरोप कोरडा वाटला असता, आणि चार वाक्ये असती तर प्रत्येकाला समजूत घालणे भाग पडले असते. ‘अल्लाहची मर्जी’ हे शब्द तिने मनात ठेवले, निरोपात घातले नाहीत. ती म्हणाली की माझा अभ्यास कुठे कमी पडला ते मला पाहायचे आहे, आणि ते शब्द मी इथे लिहिले तर लोकांना वाटेल मी पाहणार नाही. आभार मानताना कुणाची माफी मागितलेली नाही. मुलांच्या निरोपात ‘अम्मी-अब्बा, मला माफ करा’ असे असते ते आम्ही पाहिले आहे. ते वाचून आईबापांचे डोळे भरतात, पण मुलाने गुन्हा केला असा अर्थ त्यातून चार लोकांत जातो.

गुणपत्रकाचा फोटो तिने लावला नाही, आणि हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. त्या कागदावर मुलाचे नाव, फोटो, आईवडिलांची नावे, जन्मतारीख, रोल नंबर आणि अर्ज क्रमांक असतो. २०२४ मध्ये अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की निकाल उघडत होता. म्हणजे तो फोटो ग्रुपवर टाकणे म्हणजे किल्ली टाकणे. प्रवेशाच्या काळात असे आकडे हाती लागले की ‘मॅनेजमेंट कोट्यातून जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रनिहाय निकाल जाहीर करायला सांगितले, तेव्हाही विद्यार्थ्यांची ओळख झाकून ते द्यावेत असा आदेश होता. न्यायालयाने जे झाकले ते आपण आनंदात किंवा दुःखात उघडे करू नये. चांगला निकाल आलेल्यांनाही हे लागू आहे.

निरोप गेल्यावर काय झाले? बहुतेकांनी दुआ दिली. एका मामूंनी लगेच विचारले, “मार्क किती?” तिने त्यांना ग्रुपवर उत्तर न देता फोन केला. एकाने लातूरच्या क्लासची जाहिरात पाठवली. तिने त्यावर काही लिहिले नाही, आणि दुसऱ्या कुणीही तो विषय पुढे नेला नाही, कारण ३१ जुलैचे वाक्य तिथे होते. फुफूंनी रिश्त्याचा विषय पुन्हा काढला, तेव्हा दादीच म्हणाल्या, “तिनं तारीख दिलीय ना? थांब जरा.” आम्ही दोघांनी सांगितले असते तर वाद झाला असता. लेकीच्या स्वतःच्या शब्दांनी तो टळला. आणि आम्हाला अपेक्षा नव्हती असा एक फोन आला. इंदापूरच्या एका चुलत भावाने लेकीला सांगितले की त्याचा मुलगा पोलीस भरतीत दोनदा मागे राहिला आणि त्यांनी आजवर ते कुणालाच सांगितले नव्हते. मुलगा दोन वर्षे कुणाच्या लग्नालाही येत नव्हता.

असा निरोप बाहेर कसा लिहिला जातो, हेही आम्ही तिला दाखवले होते. मे २०२२ मध्ये यूपीएससीचा निकाल लागल्यावर जम्मूच्या एका उमेदवाराने आपला प्रवास ट्विटरवर मोजक्या ओळींत मांडला होता. दहा वर्षे, सहा प्रयत्न, त्यांतले तीन पूर्वपरीक्षेत थांबलेले, दोन मुख्य परीक्षेत, आणि शेवटच्या प्रयत्नात मुलाखतीनंतर ११ गुणांनी हुकलेली यादी. शेवटी आपण पुन्हा उभे राहू, एवढेच. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. त्यांनी ‘११ गुणांनी’ लिहिले कारण ते खरेच ११ होते, आणि ‘शेवटचा’ लिहिले कारण खुल्या प्रवर्गाला त्या परीक्षेत सहाच प्रयत्न मिळतात. आमच्या लेकीच्या निरोपात हे दोन्ही शब्द बसत नव्हते, म्हणून ते आले नाहीत. दुसऱ्याचा निरोप आवडला तरी उचलून आपला करता येत नाही.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. असा निरोप लिहिण्याआधी मूल त्या स्थितीत आहे का, हे पाहायचे. आमची लेक दुसऱ्या दिवशी जेवली, बोलली, चिडली, रडली. ते ठीक होते. मूल दोन-तीन दिवस झोपत नसेल, खात नसेल, खोलीबाहेर येत नसेल, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे काही बोलत असेल, तर ग्रुपवर काही लिहायची ती वेळ नव्हे. नातेवाइकांना घरच्यांनी एका ओळीत ‘निकाल आला आहे, सवडीने कळवू’ एवढेच सांगावे, मुलाला एकटे सोडू नये, आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. आणि मुलाने नको म्हटले तर निरोप टाकूच नये. आईबापांनी मुलाच्या वतीने परस्पर लिहिलेला निरोप कितीही चांगला असला, तरी पुढच्या प्रश्नांना मुलालाच तोंड द्यावे लागते.

३० जुलैला तिने दुसरा निरोप टाकला. तो तीनच वाक्यांचा होता: नीट पुन्हा देणार नाही, बी.फार्मच्या प्रवेशाची प्रक्रिया चालू आहे, आणि औषधांच्या कामात मन लागेल असे वाटते. पहिल्या निरोपाइतकाच हाही महत्त्वाचा होता. तारीख दिली आणि ती पाळली नाही, तर लोक पुढच्या वेळी थांबत नाहीत. इंदापूरच्या त्या चुलत भावाच्या मुलाने या निरोपाखाली पहिल्यांदाच ग्रुपवर काही लिहिले. त्याने लिहिले की पुढची भरती निघाली की मीही अर्ज करणार आहे, मैदानी चाचणीत धावणे कमी पडले होते, त्यावर काम चालू आहे.